माझ्याकडे बरोबर दिसतंय म्हणे!

जत्रेच्या नाटकाचं पत्रक. एक ए-फोर पान, दोनशे प्रती. यात चुकण्यासारखं काय असतं सांगा बरं? शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचंच होतं, म्हणून सचिवांनी पाठवलेलं पीडीएफ झेरॉक्सवाल्याला दिलं, 'दोनशे काढून ठेव' म्हटलं आणि मिरच्या घ्यायला गेलो. परत आलो तर गठ्ठा बांधून तयार. वरचं पान पाहिलं आणि मिरच्यांची पिशवी हातातून पडायची बाकी राहिली. मंडळाच्या नावाच्या जागी चौकोन. नाटकाच्या नावाच्या जागी चौकोन. कलाकारांची यादी म्हणजे तर नुसती चौकोनांची रांग, मधूनमधून एखादा स्वल्पविराम. तारीख तेवढी शाबूत, कारण तारखेचे आकडे कुणीतरी इंग्रजी फॉन्टात टाकले होते.

झेरॉक्सवाला म्हणाला, "बाब, तुमचीच फायल बरी ना." मी सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, "माझ्याकडे बरोबर दिसतंय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दिसणारच हो तुमच्याकडे! फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरात बसवलेला आहे. पीडीएफ उघडणारा प्रोग्राम तो तिथूनच उचलतो आणि तुम्हाला वाटतं की फाइल धडधाकट आहे. फाइलीत फॉन्ट नाहीच. फाइलीत नुसतं नाव आहे, की अमुक फॉन्ट वापर. म्हापशाच्या दुकानात तो फॉन्ट कुठून येणार?

त्याच फाइलीचा दुसरा तमाशा माझ्या मोबाइलवर. तिथे चौकोन नव्हते, तिथे अक्षरांचे हातपाय तोडले होते. 'कार्यक्रम'चा 'कार्‌यक्‌रम', 'प्रवेश'चा 'प्‌रवेश', आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन पुढच्याला चिकटलेली. वाचणाऱ्याला वाटेल, या लोकांना शुद्धलेखन येत नाही. चौकोन परवडले, त्यात निदान आपला दोष दिसत नाही.

एकाच फाइलीचे हे दोन अवतार का, ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर राग जास्तच वाढला. आपण वर्डमध्ये 'क्र' टाइप करतो तेव्हा आत क, हलन्त आणि र अशी तीन अक्षरं असतात. त्यांचं जोडाक्षर करायचं काम फॉन्टातले नियम आणि कॉम्प्युटर मिळून करतात. पण पीडीएफ होतं तेव्हा ही जुळणी झालेली असते. फाइलीत लिहिलं जातं ते एवढंच, की या फॉन्टातली समजा ४१२ नंबरची आकृती इथे काढ. ४१२ म्हणजे 'क्र' हे फक्त त्याच फॉन्टाला माहीत. दुसऱ्या फॉन्टात ४१२ वर वेगळंच काहीतरी असेल, नाहीतर काहीच नसेल. काहीच नसलं की तो रिकामा चौकोन काढतो. काही प्रोग्राम थोडी अक्कल लढवतात. आकृती सापडली नाही तर तिच्यामागची मूळ अक्षरं शोधून ती दुसऱ्या फॉन्टात मांडतात, पण सुटी सुटी. जोडणी पुन्हा करायची ही त्यांची जबाबदारीच नाही, कारण पीडीएफ म्हणजे जोडून तयार झालेला माल असं ते धरून चालतात. म्हणून हलन्त उघडा पडतो, रफार हरवतो आणि वेलांटी टाइप केल्या क्रमाने मागे राहते. फॉन्ट फाइलीत भरलेला असता तर यातलं काहीही घडलं नसतं. मग प्रिंटरला मराठी कळायची गरजच नाही, त्याने फक्त आकृत्या छापायच्या.

(जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेलं असतं तर चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला असता. तोही मी एका लग्नपत्रिकेवर पाहिलाय.)

संध्याकाळी सचिवांच्या घरी गेलो. पीडीएफ Adobe Reader मध्ये उघडून Ctrl+D दाबलं, Fonts हे पान काढलं. इंग्रजी फॉन्टाच्या नावापुढे (Embedded Subset). मराठी फॉन्टाच्या नावापुढे काही नाही. बस्स, एवढंच पाहायचं असतं! पाच सेकंदांचं काम. दोनशे प्रती काढण्याआधी हे बघायला काय झालं होतं? (मलाही. कबूल.)

सचिव म्हणाले, "पण मी ती खूण केली होती!" दाखवली. वर्डच्या Options मध्ये Save खाली Embed fonts in the file. अहो, ती खूण वर्डच्या फाइलीसाठी! पीडीएफशी तिचा संबंध नाही. वर्ड पीडीएफ करताना फॉन्ट एरवी आपणहून भरतो. इथे का भरला नाही? फॉन्टाची फाइल शोधली, Properties मध्ये Details उघडलं, तिथे Font embeddability समोर Restricted. म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्यानेच आत लिहून ठेवलंय, की हा दुसऱ्या फाइलीत भरायचा नाही. वर्डने ते मुकाट्याने पाळलं. एक शब्द बोलला नाही! 'तुमचं मराठी बाहेर गेलं की मरणार आहे' अशी एक पाटी दाखवायला काय जात होतं? त्यासाठी एक सोय आहे, पण ती पीडीएफ सेव्ह करतानाच्या Options मध्ये अगदी तळाशी: Bitmap text when fonts may not be embedded. ती खूण असली तर भरता न येणाऱ्या फॉन्टातला मजकूर चित्र म्हणून जातो. आमच्या सचिवांनी 'फाइल मोठी होते' म्हणून ती काढली होती. कुठून शिकले देव जाणे.

आणि हा फॉन्ट आला कुठून? भाच्याने कुठूनतरी उतरवून दिला, 'शीर्षकाला छान दिसतो' म्हणून. शीर्षकाला छान दिसतो म्हणून अख्खं पत्रक त्यातच! मी तिथेच बसून सगळा मजकूर निवडला आणि विंडोजमधला Nirmala UI लावला. शीर्षकाला Mukta, तो मोकळ्या परवान्याचा आहे, भरायला कुणाची ना नाही. पुन्हा पीडीएफ केलं, पुन्हा Ctrl+D, दोन्ही नावांपुढे Embedded Subset. मग मुद्दाम माझ्या मोबाइलवर उघडलं. 'कार्यक्रम' अखंड. सचिव म्हणतात, "पण पहिला फॉन्ट जास्त शोभत होता." मी काही बोललो नाही. दात खाल्ले फक्त.

सोमवारी दुसऱ्यांदा म्हापसा. आणखी दोनशे प्रती, आणखी चारशे रुपये. या वेळी आधी एकच प्रत काढायला लावली आणि काउंटरवर कोपर टेकून प्रत्येक रफार तपासत उभा राहिलो. मागे रांग खोळंबली होती, खोळंबू दे. जुने दोनशे कागद टाकवेनात. त्यांच्या पाठीवर आता तालमीच्या चहाचा हिशोब लिहितोय, आणि दुसऱ्या दौऱ्याचे ते चारशे रुपये सचिवांच्याच नावे मांडलेत.