डाउन पेमेंटने काय कमावलं असतं, ते कोण मोजणार?

‘भाडं म्हणजे दर महिन्याला पाण्यात टाकलेला पैसा. हप्ता तेवढाच, पण घर आपलं. डाउन पेमेंट हा खर्च नाहीच, तो पैसा घरातच राहतो. घरांचे भाव कधी उतरत नाहीत. 20 वर्षांनी भाडेकरूच्या हातात शून्य आणि मालकाच्या हातात घर. साठवलंय ते सगळं काढा आणि आजच बुक करा.’

हा मेसेज गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, पटतंय ना? मग ठेवी मोडतो.’ एरवी असले मेसेज मी वाचत नाही. पण त्या ठेवी त्याने नऊ वर्षं खाऊन-पिऊन उरलेल्या पैशातून केल्या आहेत, हे मी पाहिलंय. त्या रात्री फोनवर त्याला जे सांगितलं, ते इथे नीट मांडते.

हिशोबासाठी घराची किंमत 100 धरते. चलन कुठलंही असो, आकडे त्याच प्रमाणात बदलतील. डाउन पेमेंट 20. खरेदीवरचा कर, नोंदणी, दलाली, वकील यांचे 6. म्हणजे पहिल्याच दिवशी हातचे 26 गेले. उरलेल्या 80 चं कर्ज 20 वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता येतो 0.69. तसंच घर भाड्याने घेतलं तर वर्षाचं भाडं 3, म्हणजे महिन्याला 0.25. मालकाला देखभाल, दुरुस्ती, घरपट्टी आणि विमा मिळून पहिल्या वर्षी 1 लागतो. घराचा भाव, भाडं आणि हा वरखर्च तिन्ही दर वर्षी 5 टक्क्यांनी वाढतात असं धरते. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, आणि वेगळे असले की उत्तरही वेगळं येईल. त्याकडे पुढे येतेच.

हप्ता तेवढाच, हे इथेच खोटं पडतं. 0.69 आणि 0.25 सारखे नाहीत. हप्ता भाड्याइतका यायला वर्षाचं भाडं किमतीच्या आठ टक्क्यांच्या वर असावं लागेल. एवढं भाडं तुमच्या भागात आहे का, ते आधी बघा.

आता पाण्यात टाकलेल्या पैशाबद्दल. परत न येणारा पैसा मालकही भरतो, फक्त त्याला भाडं म्हणत नाहीत. भावाला बँकेने दिलेला हप्त्यांचा तक्ता मी उघडायला लावला. आमच्या हिशोबाच्या कर्जात पहिल्या हप्त्यातल्या दर 100 पैकी जवळजवळ 82 व्याज असतं आणि मुद्दल जेमतेम 18. पाच वर्षांत हप्त्यांपोटी साधारण 41.6 भरून होतात आणि 80 च्या कर्जातले फेडले जातात फक्त साडेनऊ. बाकीचे 32 व्याजात गेले. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला जवळपास 12 वर्षं जातात. व्याज म्हणजे पैशाचं भाडंच. घराचं भाडं पाण्यात जात असेल, तर हेही पाण्यातच जातं, आणि सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जास्त.

पण माझा खरा राग आहे तो डाउन पेमेंटच्या वाक्यावर, कारण ते ऐकायला अगदी खरं वाटतं. पैसा घरात राहतो, बरोबर. पण घरात राहिलेला पैसा दुसरीकडे कमवू शकत नाही. 26 पैकी 6 तर घरातही राहत नाहीत, ते कराच्या आणि दलालीच्या पावत्यांत संपतात. हे 26 थोडे ठेवीत, थोडे समभागांत गुंतवले आणि कर जाऊन 8 टक्के मिळाले, तर वर्षाला 2.08 येतात. भाडं आहे 3. म्हणजे ज्याने डाउन पेमेंट केलंच नाही, त्याचं पहिल्या वर्षातलं दोन-तृतीयांशाहून जास्त भाडं त्या पैशाच्या कमाईतूनच निघतं. ही रक्कम कोणी मालकाकडून मागायला येत नाही, तिची पावती फाटत नाही, खात्यातून वजा झालेली दिसत नाही. म्हणून ती मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशोबात आलीच नाही. पण ती गेलेलीच असते.

आता भाडेकरूच्या हातातलं ते शून्य बघू. त्याने 26 गुंतवले आणि 20 वर्षं हात लावला नाही, एवढं एकच केलं, तरी 8 टक्क्यांनी त्याचे 121 होतात. शिवाय मालक हप्ता आणि वरखर्च मिळून जेवढं भरतो, त्यातून भाडं वजा जाता भाडेकरूकडे पहिल्या वर्षी 6.33 उरतात. भाडं वाढत जातं तसा हा फरक कमी होतो, विसाव्या वर्षी 3.28 राहतो. तोही दर वर्षी गुंतवत गेला तर त्याचे आणखी 247 होतात. एकूण 368. मालकाच्या घराची किंमत तेव्हा 265, आणि विकताना दलाली जाईल ती वेगळी. वहिनीने लगेच विचारलं, ‘पण ताई, म्हातारपणी भाडं भरायचं कुठून?’ प्रश्न रास्त आहे. एकविसाव्या वर्षी भाडं 8 च्या आसपास असेल. 368 वर 8 टक्क्यांनी वर्षाला 29 येतात.

इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी नाखुशीने करते. वरचा फरक दर महिन्याला खरोखर बाजूला ठेवणारे लोक फार थोडे. हप्ता चुकवता येत नाही, म्हणून मालकाची बचत जबरदस्तीने होते. भाडेकरूने तो फरक खर्च करून टाकला, तर त्याच्याकडे 121 राहतील आणि मालकाकडे 265. एवढ्यापुरतं मेसेजमध्ये तथ्य आहे. पण हा दोष भाड्याचा नाही, न ठेवलेल्या पैशाचा आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप गुंतवणुकीत जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवली, तर तोही बराचसा सुटतो.

दुसरी मर्यादाही सांगते, नाहीतर मीही त्या मेसेजसारखीच होईन. 8 टक्क्यांऐवजी 6 टक्केच मिळाले तर भाडेकरूचे 368 ऐवजी 279 होतात आणि दोघं जवळपास बरोबरीला येतात. आणि 8 टक्के तसेच ठेवून वर्षाचं भाडं 3 ऐवजी 5 असेल, तर भाडेकरूकडे 235 उरतात आणि मालक जिंकतो. माझ्या आकड्यांत काटा साडेचार टक्क्यांच्या आसपास बरोबर येतो. वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या त्याहून बरंच कमी असेल तर भाड्याने राहा, बरंच जास्त असेल तर विकत घ्या. व्याजदर बदलला की हा काटाही सरकतो, पण बघायची जागा हीच.

घरासारखी दुसरी गुंतवणूक नाही म्हणणारे एका मोठ्या अभ्यासाचा दाखला देतात, भावानेही दिला. तो अभ्यास चांगला आहे, फक्त तो पूर्ण वाचावा. ऑस्कर जोर्दा, मोरिट्झ शुलारिक, ॲलन टेलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 16 प्रगत देशांची 1870 ते 2015 पर्यंतची आकडेवारी जमवली. 2019 मध्ये ती ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आली. महागाई वजा जाता घरांनी वर्षाला सरासरी 7 टक्क्यांच्या आसपास दिले, म्हणजे समभागांइतकेच, आणि चढउतारही कमी. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्यातले साधारण साडेपाच टक्के भाड्याचे होते आणि भावातली खरी वाढ दोन टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे घर घेऊन जो फायदा झाला, तो मुख्यतः वाचलेल्या किंवा मिळालेल्या भाड्याचा. जिथे भाडंच किमतीच्या 3 टक्के आहे, तिथे त्या सरासरीतला मोठा तुकडा तुम्हाला मिळतच नाही. शिवाय ती देशभरातल्या घरांची सरासरी आहे. भाऊ एक घर घेणार होता, एका इमारतीतलं, एका मजल्यावरचं.

भाव उतरत नाहीत, यावर फार लिहीत नाही. जपानमध्ये 1991 नंतर शहरी जमिनीचे भाव जवळपास दीड दशक उतरत होते आणि अमेरिकेत 2006 नंतर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कर्ज काढून घेतलेल्या घराला हे जास्त झोंबतं. भाव दहा टक्क्यांनी उतरला तर 100 चे 90 होतात, पण बँकेचे 80 तसेच राहतात. तुमच्या 20 चे 10 झाले.

शेवटच्या वाक्याने मात्र माझी झोप उडवली. साठवलेलं सगळं घरात घातलं आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली, तर हप्ता थांबत नाही. घराची एक खोली विकून हॉस्पिटलचं बिल भरता येत नाही. मग वैयक्तिक कर्ज काढावं लागतं, ते घराच्या कर्जाहून महाग, आणि पगार नसताना मिळणंही कठीण. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे ठेवून जे उरेल, तेच डाउन पेमेंट. त्यात भागत नसेल तर ते घर आज परवडत नाही.

भावाला मी दोनच आकडे आणायला सांगितले. ज्या इमारतीत तो घर घेणार होता, तिथलं तसल्याच घराचं वर्षाचं भाडं आणि त्याला सांगितलेली एकूण किंमत, कर-दलालीसकट. भागाकार आला 2.9 टक्के. ठेवी त्याने मोडल्या नाहीत. वहिनीला मात्र घर हवंच आहे. चार वर्षांत घरमालकाच्या मर्जीने दोनदा सामान हलवावं लागलं आणि दुसऱ्या वेळी मुलीची शाळा वर्षाच्या मध्ये बदलली. ते कारण मला पूर्ण पटतं, आणि त्यासाठी कोणी जास्त पैसे मोजले तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त किती जास्त, ते आता तिच्यासमोर कागदावर आहे. पुढच्या रविवारी दोघं तीन वर्षांच्या भाडेकराराबद्दल घरमालकाशी बोलायला जाणार आहेत. तो नाही म्हणाला तर हाच कागद पुन्हा काढू.