दोन पॉलिसी वर्षांत विभागलेला दावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: ‘नूतनीकरणाची तारीख मध्ये आली तर दोन्ही वर्षांची विमा रक्कम विचारात घेतली जाते, असे आपण लेखात लिहिले आहे. प्रत्यक्षात माझे वडील ११ जूनला रुग्णालयात दाखल झाले, १६ जूनला पॉलिसीचे नूतनीकरण झाले आणि २१ जूनला त्यांना घरी सोडले. ६ लाख ४० हजारांचे बिल कंपनीने पूर्णपणे जुन्या वर्षात टाकले. त्या वर्षी आधी एक दावा झालेला असल्यामुळे ५ लाखांपैकी उरलेले १ लाख ८० हजार दिले आणि हात झटकले. टीपीए म्हणतो, दाखल झाल्याची तारीख पाहतात. नूतनीकरणात रक्कम वाढवून १० लाख केली होती, तिचाही उपयोग झाला नाही. मग अशी माहिती देऊन लोकांना खोटी आशा कशासाठी दाखवायची?’

आपला राग समजण्यासारखा आहे, परंतु टीपीएचे उत्तर हे या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर आहे असे आपण मानू नये, ही माझी पहिली विनंती आहे. दावा कोणत्या वर्षात मोडतो हे ठरवणारा सर्व पॉलिसींना सारखा लागू पडणारा एकच नियम नाही. ते आपल्या हातातील पॉलिसीच्या शब्दांवरून ठरते, आणि त्या शब्दांचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. काही पॉलिसींमध्ये, विशेषतः कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या अनेक समूह पॉलिसींमध्ये, रुग्ण ज्या दिवशी दाखल झाला त्या दिवशी अमलात असलेल्या पॉलिसीखालीच संपूर्ण दावा निकालात निघेल, असे म्हटलेले असते. याउलट आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत आणि त्याच धर्तीवर लिहिलेल्या पुष्कळ वैयक्तिक पॉलिसींत ‘दोन पॉलिसी कालावधींत येणारा दावा’ अशा अर्थाचे स्वतंत्र कलम असते. त्याचा आशय असा, की दाव्याची घटना दोन कालावधींत येत असेल तर दोन्ही कालावधींत उपलब्ध असलेली विमा रक्कम आणि प्रत्येक कालावधीची वजावट, म्हणजे विमाधारकाने आधी स्वतः सोसायची रक्कम, विचारात घेऊन दावा दिला जाईल, आणि नूतनीकरणाचा हप्ता तोवर मिळालेला नसेल तर तो देय रकमेतून वळता केला जाईल. मूळ लेखातील विधान या दुसऱ्या प्रकाराविषयी होते. त्यामुळे आपल्या बाबतीत खरा प्रश्न एकच उरतो: आपल्या पॉलिसीत यांपैकी कोणते वाक्य छापलेले आहे? टीपीए हा कंपनीच्या वतीने कागद तपासणारा मध्यस्थ असतो. त्याच्या संगणकात दाव्याचा क्रमांक एका पॉलिसी क्रमांकाखाली, म्हणजे बहुधा दाखल होतानाच्या पॉलिसीखाली, उघडलेला असतो आणि पुढची सर्व आकडेमोड आपोआप त्याच खात्यात होत राहते. ‘दाखल झाल्याची तारीख पाहतात’ या वाक्यात बरेचदा कलम बोलत नसते, ही सवय बोलत असते.

आता आपलेच आकडे घेऊन पाहू. ६ लाख ४० हजारांपैकी हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे न मिळणाऱ्या बाबींचे २० हजार गेले असे धरू, म्हणजे ग्राह्य खर्च ६ लाख २० हजार होतो. त्यातील ३ लाख ८० हजार १५ जूनच्या मध्यरात्रीपर्यंतचा आणि २ लाख ४० हजार त्यानंतरचा आहे, असेही गृहीत धरू. पॉलिसीत दाखल होण्याच्या तारखेचे कलम असेल तर कंपनीने दिलेले १ लाख ८० हजार बरोबर आहेत आणि तेथे माझ्याकडेही दुसरे उत्तर नाही. फक्त विमा रक्कम संपल्यावर ती पुन्हा भरून देण्याची सोय त्या पॉलिसीत आहे का आणि ती त्याच वर्षातील दुसऱ्या दाव्याला चालते का, एवढे अवश्य पाहावे. मात्र दोन कालावधींचे कलम असेल तर जुन्या वर्षातून १ लाख ८० हजार आणि नव्या वर्षातून त्याच्या तारखांचे २ लाख ४० हजार, असे ४ लाख २० हजार मिळायला हवेत. नव्या वर्षाच्या मूळ ५ लाखांपैकी मग २ लाख ६० हजार पुढील वर्षभरासाठी शिल्लक राहतात.

येथे एक बारकावा आहे आणि तो आपल्या फायद्याचा असू शकतो. कलमात दोन्ही वर्षांची उपलब्ध रक्कम ‘विचारात घेऊन’ दावा देण्याची भाषा आहे. खर्च तारखेप्रमाणे कापून दोन ढीग करावेत, असे त्यात लिहिलेले नाही. म्हणून दावेदाराने असे म्हणण्यास जागा राहते, की आधी जुन्या वर्षाचे उरलेले १ लाख ८० हजार वापरावेत आणि उर्वरित ४ लाख ४० हजार नव्या वर्षातून द्यावेत, म्हणजे ग्राह्य खर्च पूर्ण मिळतो. कंपनी यावर असे म्हणेल की १६ जूनला सुरू झालेल्या पॉलिसीने १३ जूनचा खर्च का उचलावा, आणि हा युक्तिवाद वरवर पाहता वजनदार आहे. तरीही विमा करारातील कलम दुहेरी अर्थाचे असेल तर ते लिहिणाऱ्याच्या, म्हणजे कंपनीच्या, विरोधात वाचावे हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केलेले आहे. माझे मत विचाराल तर लेखी मागणी पूर्ण ६ लाख २० हजारांची करावी आणि पर्यायी मागणी म्हणून तारखेप्रमाणे विभागणीचे ४ लाख २० हजार त्याच पत्रात मांडावेत. पहिली मागणी मान्य होईलच असे मी म्हणत नाही, पण दुसरी नाकारताना कंपनीला कलमातील शब्दांवर बोट ठेवावेच लागेल.

विमा रक्कम वाढवण्याच्या बाबतीत मात्र आपल्या अपेक्षेशी मी सहमत नाही. वाढवलेल्या भागापुरता प्रतीक्षा काळ, म्हणजे ठरावीक आजारांचे दावे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, नव्याने सुरू होतो, ही अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. नूतनीकरणाच्या दिवशी रुग्ण खाटेवर असताना तो आजार वाढीव ५ लाखांच्या दृष्टीने आधीपासूनचा आजार ठरतो आणि त्याला कमाल ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ लागू शकतो. शिवाय वाढीव रक्कम मंजूर करणे न करणे हे कंपनीच्या जोखीम तपासणीवर अवलंबून असते, आणि रुग्ण त्या वेळी रुग्णालयात आहे हे अर्जात लिहिलेले नसेल तर पुढे माहिती लपवल्याचा आरोप ओढवतो. म्हणूनच वरील हिशेबात मी नव्या वर्षाची बाजू १० लाखांची न धरता ५ लाखांचीच धरली आहे. मूळ लेखातील रक्कम वाढवण्याचा सल्ला पुढील वर्षांसाठी होता, चालू उपचारासाठी नव्हे.

विभागणी नेहमी विमाधारकाच्या बाजूनेच जाते असेही नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा एखाद्याकडे ३ लाखांची वजावट असलेली सुपर टॉप-अप पॉलिसी, म्हणजे वर्षभराचा खर्च वजावटीच्या वर गेल्यावरच लागू होणारी पॉलिसी, आहे आणि ५ लाखांचे बिल नूतनीकरणाच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच लाखांचे पडले. दाखल होण्याच्या तारखेचे कलम असेल तर ३ लाख वजा जाऊन २ लाख मिळतात. दोन कालावधींच्या कलमात प्रत्येक कालावधीची वजावट वेगळी मोजली, तर अडीच लाख एकाही वर्षात ३ लाखांच्या वर जात नाहीत आणि हातात काहीच पडत नाही. (त्या वर्षी आधीचा एखादा दावा झालेला असेल तर तो वजावटीत मोजला जातो आणि चित्र पुन्हा बदलते.) तेव्हा मूळ पॉलिसी आणि टॉप-अप अशी जोडी असणाऱ्यांनी दोन्ही पॉलिसींची कलमे आणि नूतनीकरणाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून हिशेब करावा, एका पॉलिसीत विभागणी मागताना दुसरीत तीच अंगाशी येऊ शकते.

अटींचेही थोडक्यात सांगतो. नूतनीकरणात सहभुगतानाचे, म्हणजे बिलातील आपण स्वतः भरायच्या हिश्श्याचे, प्रमाण किंवा खोलीभाड्याची मर्यादा बदलली असेल, तर विभागणी मान्य झाल्यावर प्रत्येक भागाला त्या त्या वर्षाच्या अटी लागतात. नव्या वर्षाची रक्कम हवी पण नव्या वर्षाचे सहभुगतान नको, असे म्हणता येत नाही.

हप्त्याविषयी आपण लिहिलेले नाही, पण याच परिस्थितीत अडकणारे इतर वाचक हे वाचतील म्हणून सांगणे भाग आहे. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते आणि त्या काळात हप्ता भरला तर प्रतीक्षा काळाचे सातत्य टिकते. मात्र मुदत संपल्यापासून हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांचा खर्च सर्वसाधारणपणे मिळत नाही. कलमात हप्ता दाव्यातून वळता करण्याची तरतूद असली तरी तिच्या भरवशावर बसू नये, कारण मध्ये पडलेला खंड हे रक्कम नाकारण्याचे सर्वांत सोपे कारण आहे. रुग्णालयाच्या बाकावर बसून का होईना, हप्ता मुदतीच्या आत मोबाइलवरून भरावा आणि पावतीवरील वेळ जपून ठेवावी.

आपल्या दाव्यात आता करण्यासारखे हे, की रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून १५ जूनच्या मध्यरात्रीपर्यंतचे आणि त्यानंतरचे असे तारीखवार विभागलेले बिल सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावे. औषधांच्या पावत्या, तपासण्या आणि खोलीभाडे यांवर तारखा असतातच, त्यामुळे ते अवघड नसते; अडचण येते ती पॅकेजच्या दराने आकारलेल्या शस्त्रक्रियेची, कारण पॅकेजला एकच रक्कम असते. अशा वेळी शस्त्रक्रियेची तारीख डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट आहे ना, ते पाहावे आणि पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेचा भाग किती व नंतरच्या दिवसांचा किती, हे रुग्णालयाकडून लिहून घ्यावे. त्याबरोबर नव्या पॉलिसीच्या क्रमांकाखाली दाव्याची वेगळी सूचना ईमेलने द्यावी, कारण पुष्कळदा दावा केवळ दुसऱ्या क्रमांकाखाली नोंदलाच गेलेला नसतो म्हणून नवे वर्ष हिशेबात येत नाही.

ही कागदपत्रे जोडून तक्रार टीपीएकडे न पाठवता थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावी आणि त्यात एकच प्रश्न ठळकपणे विचारावा, की कोणत्या कलमान्वये नव्या वर्षाची रक्कम नाकारली. दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करणे विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाने कंपनीवर बंधनकारक केले आहे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते, शुल्क नसते, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तेथे चालतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. आपल्या पॉलिसीतील संबंधित कलम, नाव व क्रमांक झाकून, येथे प्रतिक्रियेत उतरवून पाठवलेत तर ते दोनपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे मी वाचून सांगेन.