पत्रात आजाराचं नाव नको, अडचण हवी

"मावशी, चिंतेच्या आजारासाठी ऑफिसात थोड्या सोयी मागितल्या, तर एचआरनं सायकॉलॉजिस्टचं पत्र मागितलंय. आजाराचं नाव घातलं तर प्रमोशनच्या वेळी कुणीतरी ते उकरून काढणार. नाही घातलं, तर त्या पत्राला विचारणार कोण?"

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिला विचारूनच हे लिहितेय, आणि काही तपशील बदललेत. मी मँचेस्टरमध्ये सायकॉलॉजिस्ट आहे, अशी पत्रं लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग. पण मावशीनं भाचीचं पत्र लिहू नये. ते तिच्या कोथरूडच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनीच लिहिलं. पहिला मसुदा तिनं मला वाचून दाखवला: "यांना जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर आहे. ताण टाळावा, हलकं काम द्यावं."

दोनच वाक्यं, पण दोन्ही तिला महागात पडली असती. पहिलं वाक्य फाइलमध्ये कायमचं राहतं. दुसरं वाचून मॅनेजर चांगल्या मनानंच तिला क्लायंटच्या कामावरून काढेल आणि मार्चमध्ये रेटिंग घसरेल. सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं, हे मात्र त्याला त्या पत्रातून कळणार नाही.

भाचीनं ही शंका बाईंना सांगितली. त्यांनी पत्र नव्यानं लिहिलं: "सकाळच्या कॉलवर अचानक नाव पुकारल्यास यांना काही मिनिटं बोलणं सुचत नाही. पुढचे 12 आठवडे यांना सर्वांत आधी बोलू द्यावं. कामातल्या चुका सर्वांसमोर न सांगता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी सांगाव्यात. गरज पडल्यास कारण न विचारता 10 मिनिटं जागेवरून उठू द्यावं. कामाचं प्रमाण किंवा जबाबदारी कमी करण्याची गरज नाही. सहा आठवड्यांनी आढावा घ्यावा."

भाचीला खरं तर कॉलवर बोलण्यातूनच सुटका हवी होती. बाईंनी ते लिहायला नकार दिला, आणि मला ते पटलं. चिंतेच्या आजारात जे टाळावं त्याचीच भीती वाढत जाते. आधी बोललं की वाट बघण्यातली धडधड वाचते, पण बोलणं सुटत नाही. सहा आठवड्यांनी तिचा नंबर मधे कुठेतरी येईल, मग कधीही.

पत्र पाठवण्यापूर्वी तिनं ते ओळ न् ओळ वाचलं आणि कोणाला काय कळवायचं, याच्या संमतीवर सही केली. पत्र एचआरमधल्या एकाच व्यक्तीच्या नावे गेलं. मॅनेजरला फक्त करायच्या गोष्टी कळल्या. एक गोष्ट मात्र लपत नाही: लेटरहेडवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' छापलेलं असतं. तेवढ्यावरून अंदाज बांधणारे बांधतातच.

भावोजी म्हणाले, "2016 चा अपंग हक्क कायदा आहे ना? मग 40 टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा आणि द्या त्यांच्या तोंडावर!" कायदा आहे, मानसिक आजारही त्यात येतो. पण 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोयींसाठी ती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये स्पष्ट केलं. शिवाय ते सर्टिफिकेट दाखवलं की आजाराचं नावही दिसतंच. शेजारचे काका मधेच म्हणाले, "माझ्या कमरेला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आठवड्यात खुर्ची मिळाली होती." काका, खुर्ची मिळाली म्हणून तुमच्या बढतीबद्दल कुणी शंका घेतली नाही!

2024 मध्ये पुण्यातल्या एका तरुण सीए मुलीच्या मृत्यूनंतर कामाच्या तासांवर खूप बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण उपचार घेत, नोकरी टिकवून राहणाऱ्यांना ऑफिसकडून काय मागता येतं, यावर मी फारसं काही वाचलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 नं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि तरी एचआर बेधडक 'डायग्नोसिस लिहून आणा' म्हणतं. इथं ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे बघतो. त्यामुळे पत्रात अडचण लिहिण्याची सवय रुळलीय.

इथं सगळं आलबेल आहे असं नाही. माझ्या एका क्लायंटचं पत्र मॅनेजरनं टीमसमोर मोठ्यानं वाचलं होतं. त्यात आजाराचं नाव नव्हतं, म्हणून निदान तेवढं झाकलेलं राहिलं.

खराडीत एचआरमध्ये असलेली माझी मैत्रीण अजून वाद घालते. "नाव नसेल तर उद्या दहा जण अशी पत्रं आणतील. खरं कुणाचं, ते मी कसं ओळखू?" पत्र देणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक बघ आणि रुग्णाच्या संमतीनं फोन करून पत्र त्यांचंच आहे ना एवढं विचार, असं मी सांगितलं. तिचं समाधान झालेलं नाही.

भाचीचा आढावा पुढच्या गुरुवारी आहे. काल ती कॉलवर आपणहून तिसऱ्या नंबरला बोलली.