काकांचं पर्सनल फोल्डर

एका मित्राने काल त्याच्या ऑफिसची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवली. "शेअर्ड ड्राइव्हवरील सर्व वैयक्तिक फाइल्स शुक्रवार संध्याकाळी ६ पर्यंत काढून टाकाव्यात. त्यानंतर राहिलेल्या फाइल्स कोणतीही पूर्वसूचना न देता डिलीट केल्या जातील." खाली प्रश्न, "बरी आहे ना?"

अरे, बरी काय, ही तर माझीच नोटीस आहे! गेल्या गणपतीच्या आधी आमच्या ऑफिसात मी हेच लिहून लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावलं होतं. पुढे काय झालं ते त्याला फोनवर सांगायला लागलो तर विरार लोकलमधली माणसं वळून बघायला लागली, म्हणून इथे लिहितोय.

बॅलार्ड इस्टेटला आमचं क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं ऑफिस आहे. पन्नासेक माणसं आणि एक सर्व्हर. त्यावरची ४ टीबीची जागा सगळ्यांना S: म्हणून दिसते. ऑगस्टमध्ये ती ९२ टक्के भरली. साहेबांना स्क्रीनवर लाल पट्टी दाखवली, तर ते म्हणाले, "लोकांचे लग्नाचे व्हिडिओ काढा आधी." मी नोटीस काढली. तारीख पडली गणपतीच्या आदल्या शुक्रवारची. आमच्याकडे निम्मी माणसं कोकणातली, ती बुधवारी रात्रीच गाडीत बसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता सांगायची लाज वाटते, कारण मी स्वतः राजापूरचा.

आमच्याकडे ट्रान्सपोर्टचं टेबल काकांकडे आहे. आडनाव सगळे विसरलेत, सर्व्हरवरचं त्यांचं फोल्डरसुद्धा `KAKA PERSONAL`. माणूस इतका सरळ की नोटीस वाचून सगळ्यात आधी तेच माझ्याकडे आले.

"अरे, पेनड्राइव्हवर लग्नाची फिल्म जात नाही. जागा नाही म्हणतोय. ३२ जीबीचा आहे ना हा?"

फिल्म सहा जीबीची होती आणि पेनड्राइव्ह FAT32 होता. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो. `The file is too large for the destination file system` असं येतं आणि लोक त्याचा अर्थ जागा नाही असा लावतात. exFAT ने फॉरमॅट करून दिला. काकांनी मुलीचं लग्न, नातवाची कुंडली, घरातल्यांची आधारकार्डं, सोसायटीच्या मीटिंगांची टिपणं असं सगळं त्यावर घेतलं, नीट उघडून बघितलं, मग S: वरचं फोल्डर पुसलं आणि बुधवारी रात्री कणकवलीला गेले. अख्ख्या ऑफिसात नोटीस अक्षरशः पाळणारा हा एकच माणूस. आणि तिथेच घोळ झाला.

त्या फोल्डरात `trailer rate.xlsx` नावाची एक फाइल होती. न्हावा शेवा ते भिवंडी, न्हावा शेवा ते तळोजा, चाळीस फुटी, वीस फुटी, असे ट्रेलरचे दर. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की काका दर त्यात टाकायचे. त्यांच्या लेखी ती त्यांची वही होती, म्हणजे पर्सनल. पण कधीकाळी आमच्याकडे कोटेशनची शीट बनवणाऱ्या एका मुलाने ती शीट थेट काकांच्या या फाइलला जोडून ठेवली होती, दर दोनदा टाइप करायला नको म्हणून. तो मुलगा केव्हाच दुबईला गेला. काकांना हे माहीत नव्हतं, मला नव्हतं, आणि रोज ती शीट वापरणाऱ्या आठ जणांनाही नव्हतं.

आता मूळ फाइल गेली तर शीट बोंब मारेल असं वाटतं ना? एक्सेल तसं करत नाही. दुसऱ्या फाइलमधून आणलेला आकडा तो स्वतःकडेही साठवून ठेवतो. मूळ फाइल सापडली नाही की `We can't update some of the links in your workbook right now` अशी चौकट येते आणि खाली `Continue` चं बटण. आमच्याकडे ही शीट उघडताना अपडेट करू का असं आधीपासून विचारायचीच, त्यामुळे आणखी एक चौकट आली तर त्यात नवल काय? सगळे `Continue` दाबत राहिले. समोर आकडे होते, व्यवस्थित, दोन दशांश स्थळांपर्यंत. फक्त ते बुधवारी थांबलेले होते. त्या जागी लाल अक्षरात चूक दिसली असती तर पाच मिनिटांत कोणीतरी माझ्या टेबलाशी आलं असतं.

काका गौरी-गणपती करून परतले. मधल्या काळात भिवंडीचा दर १८,५०० वरून २०,३०० झाला होता. त्यांनी तो आल्याआल्या फाइलमध्ये टाकलासुद्धा. पेनड्राइव्हवरच्या. तीच आता त्यांची वही, आणि नोटिशीप्रमाणे पर्सनल गोष्ट सर्व्हरवर ठेवायची नाही.

महिनाअखेरीला अकाउंट्समधल्या मॅडमनी ट्रान्सपोर्टचं बिल लावायला घेतलं तर चौदा ट्रेलर, प्रत्येकी १,८०० ची तफावत. २५,२०० रुपये. पार्टीला जुन्या दराने कोटेशन गेलेलं, आता वाढवून मागायची सोय नाही. साहेबांना वाटलं ट्रान्सपोर्टवाला जास्त लावतोय. त्यांनी काकांना फोन करायला लावला, आणि पंधरा वर्षं उधारीवर गाड्या देणाऱ्या माणसाला काका नको ते बोलले. पैसे एक वेळ जाऊ द्या, त्या फोनचं काकांना अजून वाईट वाटतं.

शेवटी शीट माझ्याकडे आली. `Data` मध्ये `Edit Links` उघडून `Check Status` दाबलं तर `Error: Source not found`, आणि शेजारी मूळ पत्ता, `KAKA PERSONAL` सकट. काकांचा पेनड्राइव्ह मागून घेतला, फाइल त्याच नावाने त्याच जागी ठेवली, अपडेट दाबलं. २०,३००. हे सगळं मिळून चार मिनिटांचं काम.

म्हणून त्या नोटिशीतला "वैयक्तिक" हा शब्द मला आता खटकतो. फाइल कोणाची, यावर ती पर्सनल ठरत नाही. ती कोण वाचतंय यावर ठरते, आणि ते फाइलच्या मालकालाही माहीत असेलच असं नाही. मालक शोधणं तरी कुठे सोपं आहे? `dir /s /q` दिलं की प्रत्येक फाइलपुढे मालकाचं नाव येतं, हे खरं. पण कॉपी केलेल्या फाइलचा मालक कॉपी करणारा होतो. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर सगळं मी आणलं होतं, त्यामुळे आमच्याकडे हजारो फाइल्सपुढे `BUILTIN\Administrators` आहे. त्या हिशोबाने सोसायटीची टिपणं, कुंडली आणि आधारकार्डं माझीच.

दुसरं म्हणजे "डिलीट केल्या जातील" हे वाक्य. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तुमच्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. सर्व्हरवर शॅडो कॉपी, म्हणजे ठरावीक वेळच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी सोय, चालू असेल तर `Previous Versions` मधून मिळते, आणि मी त्याच भरवशावर निर्धास्त होतो. पण शॅडो कॉपीला जागा मर्यादित असते, मुद्दाम बदलली नसेल तर ड्राइव्हच्या साधारण दहा टक्के. पुसलेल्या फाइलच्या जागी नवीन काही लिहिलं गेलं की जुनं आधी त्या राखीव जागेत उचलून ठेवावं लागतं, आणि ती भरली की सगळ्यात जुनी प्रत बाहेर जाते. आमच्याकडे एरवी तीन आठवडे मागचं मिळायचं. सफाईनंतरच्या रविवारी मी हौसेने सगळ्या डिपार्टमेंटची फोल्डरं त्याच ड्राइव्हवर एकेक करून कॉपी केली, जुनी पुसली आणि नव्याने लावली, सहाशे जीबीची उलथापालथ. सोमवारी बघतो तर शनिवारच्या मागचं काहीच नाही. म्हणजे ज्या आठवड्यात लोक चुकून सगळ्यात जास्त पुसणार, त्याच आठवड्याचा परतीचा रस्ता मी स्वतः बंद केला. काकांनी पेनड्राइव्हवर घेतलं नसतं तर मला बॅकअपच्या डिस्का काढाव्या लागल्या असत्या.

मित्राला मी काय करायला सांगितलं ते लिहितो. लोकांना पुसायला सांगू नकोस, स्वतःच्या फोल्डरांची यादी मागव. घरचं जे आहे ते त्यांनी कॉपी करून न्यावं, कट-पेस्ट नको, कारण मध्येच पेनड्राइव्ह निघाला तर अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं. मूळ फोल्डर जागेवरच राहू दे. मग तू बस एक्सेलच्या फाइली तपासायला. .xlsx ही मुळात झिप फाइल असते. प्रत काढून शेवट .zip केला की उघडते. आत `xl\externalLinks` असलं तर ती फाइल दुसऱ्या कुठल्या तरी फाइलवर टेकलेली आहे, आणि तिथल्या `_rels` मध्ये पत्ता लिहिलेला सापडतो. हाताने दोन-चार बघ, पुढचं स्क्रिप्टवर सोड. मी नंतर हे केलं तेव्हा अकरा हजार फाइलींपैकी तीनशे चाळीस अशा निघाल्या, आणि त्यातल्या एकोणीस कोणाच्या ना कोणाच्या पर्सनल फोल्डरकडे बोट दाखवत होत्या. जुन्या .xls फाइलींना ही युक्ती लागू नाही, त्या एक्सेलमध्येच उघडून बघाव्या लागल्या. दोन शनिवार गेले.

आणि "नाव बदलून ठेवू, कोणी ओरडलं तर परत करू" ही आम्हा आयटीवाल्यांची लाडकी पद्धत इथे चालत नाही. आमच्याकडे महिनाभर कोणीच ओरडलं नव्हतं.

बाय द वे, लग्नाचे व्हिडिओ, फोटो, कुंडल्या सगळं धरून S: वरून निघाले २१० जीबी. उरलेली गर्दी कसली होती? एकेका शिपमेंटचे तेच स्कॅन पाच जणांच्या फोल्डरांत, तेही रंगीत आणि ६०० डीपीआयवर. स्कॅनरचं सेटिंग ३०० आणि काळं-पांढरं केलं, ते साहेबांना सांगितलं नाही.

दरांची फाइल आता `S:\Rates` मध्ये आहे, लिंक तिकडे वळवली आहे, आणि लिहायचा हक्क फक्त काकांना. त्यांच्या डेस्कटॉपवर मी शॉर्टकट करून दिला, नाव ठेवलं "ट्रेलर दर". दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बदललं. आता तिथे लिहिलंय, `KAKA PERSONAL`.