किंमत आधी, खर्च नंतर: टार्गेट कॉस्टिंगवरच्या एका फिरत्या मताला उत्तर

«टार्गेट कॉस्टिंग म्हणजे कॉस्ट कटिंगचंच गोंडस नाव. बाजारातली किंमत धरा, नफा वजा करा, आणि उरलेल्या आकड्यात बसेपर्यंत माल हलका करा, पुरवठादाराला पिळा. आकडा वरून येतो, इंजिनिअरला कोणी विचारत नाही.»

आधी वेळेबद्दल बोलू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. जपानी कारखान्यांत या पद्धतीला गेंका किकाकु म्हणतात, म्हणजे खर्चाचं नियोजन. टोयोटात ती १९६०च्या दशकात आकाराला आली. वस्तूचं उत्पादन सुरू झाल्यावर जो खर्च कमी केला जातो त्याला तिथे वेगळं नाव आहे, गेंका काइझेन. नावं वेगळी आहेत कारण कामं वेगळी आहेत. टार्गेट कॉस्टिंगच्या वेळी वस्तू अजून ड्रॉइंगवर असते. भाग किती, धातू की प्लॅस्टिक, स्क्रू की खाचेत बसणारं झाकण, हे तेव्हा ठरतं. एकदा साचे तयार झाले की यातलं बहुतेक काही बदलता येत नाही आणि हातात उरते ती किरकोळ छाटणी. ज्याला कॉस्ट कटिंग म्हणतात ती या उरलेल्या जागेत चालते.

वजाबाकीचं म्हणणं बरोबर आहे, पण ती कुठून सुरू करायची ते चुकतं. एक इलेक्ट्रिक केटल घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, चलन कोणतंही धरा. दुकानात किंमत १०००. त्यातला कर आणि विक्रेत्यांचा वाटा ३५० गेला की कंपनीच्या हातात ६५० येतात. नफा या ६५० वर १२ टक्के धरला तर ७८, म्हणजे खर्चाला ५७२ उरतात. मी पाहिलेल्या बऱ्याच चुकीच्या हिशेबांत वजाबाकी थेट १००० पासून केलेली होती. तिथे लक्ष्य मुळातच खोटं निघतं. आता जुन्या डिझाइनच्या आधारे नव्या केटलचा अंदाज काढला तर ६६० येतात. म्हणजे ८८ ची दरी आहे आणि ती भरायची आहे.

माल हलका करण्याचा मुद्दा इथे येतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच आहे. ८८ म्हणजे सुमारे १३ टक्के. प्रत्येक भागातून तेवढे कापा, हा छाटणीचा मार्ग झाला. टार्गेट कॉस्टिंग आधी विचारतं की हे ६६० कशावर खर्च होताहेत आणि वापरणाऱ्याला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं. हा प्रश्न व्हॅल्यू ॲनॅलिसिसमधून आला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स यांनी १९४७ च्या सुमारास ती पद्धत बसवली. युद्धकाळात नेहमीचा माल मिळेना, पर्याय वापरावे लागले, आणि काही पर्याय स्वस्त असूनही काम तितकंच चांगलं करताना दिसले. तेव्हापासून भागाऐवजी त्याच्या कामाकडे पाहायची शिस्त आली.

आपल्या केटलमध्ये बाहेरच्या बॉडीवर २३१ जातात, म्हणजे खर्चाच्या ३५ टक्के. ग्राहकांनी दिलेल्या महत्त्वात मात्र दिसण्याचा वाटा फक्त १५ टक्के. उलट पाणी उकळल्यावर आपोआप बंद होण्याला ते २५ टक्के महत्त्व देतात आणि त्या स्विचवर खर्च होतात जेमतेम ६६, म्हणजे १० टक्के. महत्त्वाच्या वाट्याला खर्चाच्या वाट्याने भागलं की बॉडीचं गुणोत्तर ०.४३ येतं आणि स्विचचं २.५. एकच्या बरंच खाली असेल तिथे पैसा जास्त मुरलाय, बरंच वर असेल तिथे कदाचित कमी पडलाय. म्हणून डिझाइनर बॉडीवरची शोभेची पट्टी आणि तिचे वेगळे जोड काढून एकाच साच्यातली बॉडी करतात आणि ती १३० वर येते. खालच्या बैठकीतला एक भाग कमी होऊन ती ९९ वरून ७९ वर उतरते. स्विच मात्र चांगला घेतात, ६६ चा ९२. हीटर १६५ आणि झाकण-मूठ ९९ तशीच राहतात. बेरीज ५६५. लक्ष्य गाठताना एका भागावरचा खर्च २६ ने वाढला, हे लक्षात घ्या. वायरच्या इन्सुलेशनसारख्या गोष्टी ग्राहक कधी बोलून दाखवत नाहीत, म्हणून त्या या गुणोत्तराच्या तावडीत द्यायच्याच नसतात. सुरक्षेची किमान पातळी आधी बाजूला काढून ठेवायची.

एक हिशेब अजून बाकी आहे. नव्या बॉडीच्या साच्याला ५ लाख लागतात. १ लाख केटल विकल्या तर नगामागे ५, म्हणजे एकूण ५७०, लक्ष्याच्या आत. पन्नास हजारच विकल्या तर नगामागे १०, एकूण ५७५, लक्ष्याच्या बाहेर. विक्रीचा अंदाज फुगवून लक्ष्य ‘गाठल्याचं’ दाखवणं हा या पद्धतीतला नेहमीचा रोग आहे. तपासायचं असेल तर विक्री निम्मी धरून तोच तक्ता पुन्हा मांडायला सांगा.

पुरवठादाराबद्दल मला तक्रार समजते, कारण असं पिळणं मी पाहिलंय आणि त्यात माणसं होरपळतात. ड्रॉइंग तेच, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक तोच, भाव मात्र ८ टक्के कमी हवा, असं पत्र पाठवलं की खर्च नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या वहीत जातो. काही महिन्यांनी तो नाकारलेल्या मालाच्या किंवा उशिराच्या रूपात परत येतो. पद्धतीप्रमाणे चाललं तर प्रत्येक भागाचं लक्ष्य डिझाइन पक्कं होण्याआधी पुरवठादारापर्यंत पोचतं, आणि ‘हा टॉलरन्स थोडा सैल केलात तर घासकामाची एक पायरी वाचेल’ असं तो सांगू शकतो. खूण सोपी आहे: भाव उतरला तेव्हा ड्रॉइंगची आवृत्ती बदलली का? बदलली नसेल तर ती घासाघीस होती, नाव काहीही द्या.

आकडा वरून येतो, हे अर्धं खरं. ५७२ ही बाजार आणि नफ्याने ठरवलेली मुभा झाली, तर ६६० हा खालून, इंजिनिअरांकडून आलेला अंदाज. लक्ष्य या दोहोंच्या बोलण्यातून ठरतं. समजा सगळे पर्याय तपासून डिझाइनर म्हणाले असते की या वेळी ५९० च्या खाली जाता येत नाही, तर लक्ष्य ५९० धरून उरलेले १८ वेगळे नोंदवायचे. त्यांचं उत्तर व्यवस्थापनाने द्यायचं: कमी नफा मान्य करायचा, किंमत वाढेल असं एखादं वैशिष्ट्य घालायचं, की वस्तू काढायचीच नाही. लक्ष्य एकदा ठरलं की मात्र सैल होत नाही. एका भागात ४ वाढले तर दुसरीकडून ४ काढावे लागतात. या ताठपणाचा भार डिझाइनरांवर पडतो. जपानी कंपन्यांतही या थकव्याची चर्चा झाली आहे, ती मी नाकारत नाही.

जिथे खर्चाचा मोठा हिस्सा एखाद्या कच्च्या मालाचा असतो आणि त्याचा भाव महिन्यामहिन्याला हलतो, तिथे ही पद्धत फारशी उपयोगी पडत नाही. डिझाइन कितीही घोटून काढलं तरी तांब्याचा भाव ड्रॉइंगवर ठरत नाही.