नुसतं 'हो' आलं तर

रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या व्यापाऱ्याकडे लिखाणकाम करणाऱ्याला भाव कोसळण्याची भीती नसते, कारण भाव मालकाचा कोसळतो. भीती असते ती पहाटे आलेल्या एकाच शब्दाची: "हो."

नंबराला नाव नाही. चित्रात विठोबा. वर काहीच बोलणं नाही, कारण फोन नवा आणि जुन्या गप्पांचा बॅकअप आणलेला नाही. तेवढी एक सोय आहे, की मूळ मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर दिलं तर आधीचं वाक्यही सोबत येतं. पण आमच्याकडे मेसेज सरकवणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आता या 'हो'चं करायचं काय? "ओके" लिहावं, तर समोरचा समजतो सौदा पक्का. "कोण?" विचारावं, तर "आता वळखत बी नाही का भो?" म्हणून तीन पिढ्यांचा संबंध तुटतो. गप्प बसावं, तर हा माणूस गाडीची वाट पाहत बांधावर उभा असू शकतो. आणि अंदाजाने मजूर पाठवले अन् त्यांनी घड उतरवले, तर कापलेला घड झाडाला परत चिकटत नाही. हिरवा उतरवला तरी तो पिकायची वाट धरतोच. दिल्लीची गाडी मिळो न मिळो.

म्हणून मी लिहिलं: "रामराम. फोन नवीन आहे, मागचं बोलणं दिसत नाही. नाव-गाव सांगा. 'हो' कशाला? माल पाहायला येऊ, आज कापणी करू, की दुसरंच काही? तुमचं उत्तर येईपर्यंत मजूर पाठवत नाही."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्न कोणी वाचत नाही, पण मजूर येणार नाहीत हे वाचून माणूस खडबडून जागा होतो.

उत्तर आलं: "ओके."

चूक माझीच म्हणायची तर तीही सोय नव्हती. तीन पर्याय स्वच्छ लिहिले होते. शेवटी फोन लावला. पलीकडून आवाज: "कसले मजूर? मी मेव्हण्याला 'हो' म्हटलं. शनिवारी मळ्यात भरीत आहे, वांगी आणू का विचारत होता."

"मग 'ओके' कशाला?"

"तुम्ही एवढं लिहिलं, काहीतरी म्हणायला पाहिजे ना भाऊ."

माझं टायपिंग चांगलं आहे, असं त्यांना वाटलं. तेव्हा मेव्हण्याला निरोपही मीच द्यावा, असं ठरलं. मी लिहिलं: "मी अमुक पेढीवरून लिहितोय. तुमच्या दाजींचा निरोप: शनिवारच्या भरीताला वांगी आणा, भरीताचीच, मोठी हिरवी. किती आणता ते कळवा."

उत्तर आलं: "हो."