फसलेल्या ट्रॅक्टरचा टॉर्क जातो कुठं? एका प्रतिक्रियेला उत्तर

"दादा, तुम्ही लिहिलं की डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखा टॉर्क देतं. साफ चूक. आमचं ट्रॅक्टर केळीच्या बागेत फसतं तवा एक चाक गरगर फिरतं अन दुसरं जागचं हलत नाही, मंजे सगळा टॉर्क फिरणाऱ्या चाकालेच जातो ना? सारखा गेला असता तर फसलं कशाला असतं? पुस्तकातलं लिहू नका, एकदा पावसाळ्यात चोपड्याकडं या."

भाऊ, मी चोपड्याचाच आहे आणि वडिलांच्या गॅरेजमध्ये हाऊसिंग उघडून क्राऊन-पिनियन धुण्यातच माझ्या कॉलेजच्या सुट्ट्या गेल्यात, त्यामुळं तुम्ही जे बघितलं ते मीही बघितलंय, अगदी तसंच. डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरची जोडणी, आणि टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. बघण्यात तुमची चूक नाही. फक्त जे चाक फिरतं त्यालाच जोर मिळतो असं तुम्ही धरून चाललात, तिथं गडबड आहे.

विहिरीतून पोहरा ओढताना बघा. भरलेला पोहरा असला की दोराला वीस किलोचा ताण असतो. मधेच दोर तुटला तर तुम्ही कितीही ताकदवान असा, हातात दोर सर्रकन वर येतो पण त्याच्यावर जोर लावताच येत नाही, कारण पलीकडून ओढ धरणारं काही उरलंच नाही. चिखलातलं चाक म्हणजे हा तुटलेला दोर. ते जोरात फिरतंय कारण त्याला अडवायला कोणी नाही, आणि अडवायला कोणी नाही म्हणूनच त्याच्यावर टॉर्कही जवळजवळ नाही!

आता दुसऱ्या चाकाला तरी तो का मिळत नाही, तर त्यासाठी आतला स्टार पिनियन डोळ्यासमोर आणा. इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या मोठ्या क्राऊन व्हीलला केज जोडलेली, केजमध्ये क्रॉस, क्रॉसवर स्टार पिनियन मोकळे फिरणारे, आणि त्यांच्या दोन्ही अंगाला एकेक सन गिअर, तिथून अॅक्सल निघतो. एकच स्टार पिनियन घेतला तर तो बैलजोडीच्या जू सारखा आहे. जू मधोमध बांधलेलं, दोन्ही टोकांना बैल. एक बैल बसला आणि दुसरा चालायला लागला की जू तिरकं होतं, एका टोकावर जास्त ओझं टिकूच शकत नाही, कारण मधल्या बांधापासून दोन्ही बाजू सारख्याच लांब. स्टार पिनियनचंही तेच, क्रॉस त्याला मधे ढकलतो आणि त्याचे दात डावीउजवीकडं सारखंच ढकलतात. एक बाजू हलकी पडली की तो बिचारा स्वतःभोवती फिरतो आणि दोन्हीकडचा जोर त्या हलक्या बाजूएवढाच राहतो. जू थोडं तिरकं होऊन थांबतं, हे गोल आहे म्हणून फिरतच राहतं, फरक एवढाच.

तुमच्या बागेतलीच केस आकड्यात घेऊ. आकडे मी सोपे धरतोय. मागच्या प्रत्येक चाकावर 1000 किलो वजन, उजवं चाक कोरड्या मुरमावर, तिथं 600 किलोपर्यंत ओढ धरू शकतं. डावं ओल्या काळ्या मातीत, टायरच्या नक्षीत गारा भरलेला, ते 150 वरच घसरतं. ट्रॉलीसकट निघायला 500 किलोची ओढ लागते. डाव्याला 150 च्या वर काही लावता येत नाही, म्हणून उजव्यालाही 150 च. एकूण 300. अॅक्सिलरेटर कितीही द्या, 300 चे 500 होत नाहीत, डावं फक्त अजून जोरात फिरतं आणि खड्डा करतं. म्हणजे सारखा टॉर्क मिळतो म्हणूनच ट्रॅक्टर फसतं भाऊ! सगळा टॉर्क एका बाजूला पाठवणारी यंत्रणा असती तर एखादवेळी मुरमावरच्या चाकाला 500 देऊन ट्रॅक्टर निघालंही असतं.

सगळं एका चाकाला जातं खरं, पण ती पॉवर. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे पॉवर. उजव्याला टॉर्क आहे पण ते फिरतच नाही, त्यामुळं त्याचं काम शून्य. इंजिनची सगळी मेहनत डाव्याच्या चिखल उडवण्यात जाते. माझ्या लेखात हा फरक मी नीट उलगडून लिहायला हवा होता, ती माझी चूक मान्य. आणि 'अगदी सारखा' हेही थोडं ताणून लिहिलं, गिअर आणि वॉशरच्या घर्षणामुळं हळू चाकाला किंचित जास्त मिळतो, पण तुम्हाला बाहेर काढण्याइतका नाही.

वेगाचा हिशोब वेगळा आहे. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमी केजच्या दुप्पट. बांधावर 4 मीटरच्या वळणात वळलात, दोन चाकांत 1.4 मीटर अंतर, तर आतलं 3.3 च्या आणि बाहेरचं 4.7 च्या गोलावर चालतं. केज 40 फेऱ्या फिरली तर आतलं 33, बाहेरचं 47 (पुढची फायनल ड्राइव्हची कपात दोन्हीकडं सारखीच, ती बाजूला ठेवा). फसल्यावर तेच गणित शून्य आणि 80 होतं. बैलगाडीला ही भानगड लागत नाही कारण तिथं आख स्थिर आणि चाकं आपापली फिरतात, ओढणारा बैल चाकाला फिरवतच नाही.

आता ब्रेकची गोष्ट, हे मला सगळ्यात आवडतं. गेल्या पावसाळ्यात मेव्हण्याचं ट्रॅक्टर असंच अडकलं, तो वरून ओरडतोय, "एकच चाक फिरी ऱ्हायनं ना भो!" ट्रॅक्टरला दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफ लॉक होता पण त्याचं पेडल जाम. मी म्हटलं डावं-उजवं ब्रेक पेडल जोडणारी पट्टी सोड आणि फक्त डावा ब्रेक हळूहळू दाब. आता वरच्याच आकड्यात बघा, ब्रेकनं डाव्या चाकाला 200 किलोएवढं अडवलं तर डाव्या बाजूचा विरोध 150 अधिक 200, म्हणजे 350 झाला. स्टार पिनियन लगेच उजव्यालाही 350 देतो. जमिनीवर डावीकडं 150, उजवीकडं 350, झाले 500. निघालं! सगळा टॉर्क फिरणाऱ्या चाकालाच जात असता तर त्याच चाकाचा ब्रेक दाबून दुसरं चाक कधीच हललं नसतं. इंजिनला मात्र 500 ऐवजी 700 चा जोर लावावा लागतो आणि ते 200 ब्रेकमध्ये तापून जातात, म्हणून हे दोनचार मीटरपुरतंच करा.

लॉक दाबला तर दोन्ही अॅक्सल एकत्र बांधले जातात, स्टार पिनियन फिरायचाच थांबतो, मग डावीकडं 150, उजवीकडं 350, इंजिनचे पूर्ण 500 कामी येतात. पण चाक गरगर फिरत असताना लॉक दाबू नका, दात तुटतात, आधी क्लच दाबून चाकं थांबू द्या. आणि लॉक लावून वळायचं नाही, तिथं 33 आणि 47 चा फरक जायला जागाच राहत नाही, ट्रॅक्टर सरळच ओढतं. कधी पाय काढल्यावरही स्टेअरिंग जड लागलं आणि ट्रॅक्टर वळायला नाही म्हणालं तर लॉक सुटलेला नाही असं समजा, थोडं डावंउजवं हलवलं की दातांवरचा ताण जातो आणि सुटतो.

चाक खूप वेळ गरगरवत बसण्याचं नुकसान वेगळंच. नेहमी स्टार पिनियन वळणापुरता हळू फिरतो, तेव्हा मात्र क्रॉसवर सतत जोरात फिरतो, तेलाचा थर टिकत नाही आणि क्रॉसवर ओरखडे पडतात. ऐकायचं कसं? सरळ जाताना हूं हूं आवाज असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर, सरळ शांत आणि फक्त वळताना कटकट असेल तर आधी स्टार, सन गिअर आणि क्रॉस बघा.

तुमचा लॉक चालू आहे का हे पाऊस यायच्या आधी बघून घ्या. सपाट जागी, इंजिन बंद, पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन खाली मजबूत ठोकळे द्या. गिअर टाकून एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलटं फिरेल, इथंच स्टार पिनियन काय करतो ते दिसतं. मग लॉकचं पेडल दाबून धरा आणि चाक थोडं पुढंमागं करा, दात बसले की दोन्ही चाकं अडकायला पाहिजेत. तरीही उलटंच फिरत राहिलं तर लॉक लागतच नाहीये, लिंकेज आणि फोर्क बघावा लागेल. करून बघा आणि काय झालं ते इथं लिहा, कुठलं मॉडेल आहे तेही सांगा.